घटक ४ : पीडीएफमधील पानांची पुनर्रचना – क्रम बदलणे, पाने वगळणे व नवी पाने घालणे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,

- पीडीएफ फाइलमधील पानाचे स्थान आणि पानावर लिहिलेला पृष्ठांक यांतील भेद स्पष्ट करता येईल;
- या दोहोंतील फरक मांडून फाइलमधील चूक नेमकी कोठे व कोणती आहे हे ओळखता येईल;
- पीडीएफ अरेंजर या विनामूल्य साधनाने पानांचा क्रम बदलता येईल, नको असलेली पाने वगळता येतील व राहून गेलेली पाने योग्य जागी घालता येतील;
- तयार झालेली फाइल सादर करण्यापूर्वी पद्धतशीर तपासता येईल.

४.० प्रास्ताविक

दूरशिक्षणातील विद्यार्थी आपला स्वाध्याय किंवा प्रकल्प-अहवाल पुष्कळदा हाताने लिहितो, मोबाइलने त्याच्या पानांची छायाचित्रे घेतो आणि त्यांची एक पीडीएफ फाइल करून अभ्यासकेंद्राकडे पाठवतो. वहीतील पान मागेपुढे झाले तर परीक्षक ते हाताने उलटून पाहू शकतो. पीडीएफमध्ये मात्र पाने ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्याच्यासमोर येतात. एखादे पान राहून गेले असेल तर त्या पानावरील विवेचन परीक्षकाच्या दृष्टीने लिहिलेलेच नसते, आणि त्याचे गुणही मिळत नाहीत.

अशी चूक लक्षात आल्यावर अनेक जण सर्व पानांची छायाचित्रे पुन्हा घेतात. त्याची गरज नसते. तयार पीडीएफमधील पाने हलवता येतात, काढता येतात व त्यांत नवी पाने घालता येतात. हे काम करणारे साधन शिकण्यास अर्धा तास पुरतो. खरी अडचण वेगळीच असते. पाने हलवता हलवता आपलाच गोंधळ होतो आणि एक चूक दुरुस्त करताना दुसरी घडते. म्हणून या घटकात साधनाच्या परिचयाबरोबरच, कामाला हात घालण्यापूर्वी कागदावर करावयाच्या एका छोट्या मांडणीवर भर दिला आहे.

४.१ पीडीएफमध्ये पाने कशी असतात?

पीडीएफ ही रचना अडोबी या कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. या रचनेत प्रत्येक पान ही एक स्वतंत्र वस्तू असते. पानाचा आकार, त्यावरील मजकूर किंवा छायाचित्र ही माहिती त्या वस्तूशी जोडलेली असते. पानांचा क्रम मात्र पानांमध्ये नोंदलेला नसतो. तो एका वेगळ्या यादीत असतो. तीन पानांच्या फाइलमध्ये ही यादी साधारणपणे अशी दिसते :

```
/Type /Pages
/Kids [4 0 R 9 0 R 12 0 R]
/Count 3
```

यातील दुसरी ओळ सांगते की, आधी ४ क्रमांकाची वस्तू दाखवावी, मग ९ क्रमांकाची, मग १२ क्रमांकाची. दुसरे व तिसरे पान यांची अदलाबदल करायची झाल्यास यादीतील दोन नोंदींची अदलाबदल पुरेशी होते :

```
/Kids [4 0 R 12 0 R 9 0 R]
```

मोठ्या फाइलमध्ये अशा याद्या एकात एक गुंफलेल्या असू शकतात. तत्त्व तेच राहते. या रचनेतून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, पान हलवल्याने त्याची प्रत खालावत नाही. छायाचित्र पुन्हा घेतले जात नाही, पुन्हा दाबून लहान केले जात नाही. बदलते ती केवळ यादी. त्यामुळे पाने दहा वेळा हलवली तरी अक्षरे पहिल्याइतकीच स्पष्ट राहतात. काही जण पीडीएफ उघडून, हवी ती पाने निवडून ‘प्रिंट’च्या मार्गाने नवी पीडीएफ बनवतात. त्या मार्गाने पाने नव्याने घडवली जातात. त्यात दुवे नाहीसे होतात आणि प्रसंगी मजकुरातील शब्द शोधण्याची सोयही जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पानावर आपण हाताने लिहिलेला किंवा टंकलिखित केलेला पृष्ठांक हा त्या पानाच्या चित्राचा भाग असतो. पान कोठेही नेले तरी तो बदलत नाही. वाचनाच्या प्रणालीत वरच्या बाजूला दिसणारा क्रमांक मात्र यादीतील स्थानाचा असतो आणि तो प्रत्येक बदलासरशी बदलतो. या दोन क्रमांकांसाठी आपण पुढे दोन संज्ञा वापरू. फाइलमध्ये पान कितवे आहे तो स्थानांक, आणि पानावर जो लिहिलेला आहे तो पृष्ठांक.

४.२ साधनाची ओळख

या कामासाठी पीडीएफ अरेंजर (`PDF Arranger`) हे साधन आपण घेऊ. ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे व त्यासाठी शुल्क नाही. पीडीएफ-शफलर नावाच्या जुन्या साधनापासून ते विकसित झाले. विंडोजसाठी त्याची प्रत प्रकल्पाच्या `GitHub` वरील अधिकृत पानावरून उतरवून घेता येते. तेथे संगणकावर कायम बसवण्यासाठी `.msi` ही फाइल असते आणि न बसवता वापरण्यासाठी `.zip` ही फाइल असते. अभ्यासकेंद्राच्या संगणकावर काही बसवण्याची परवानगी नसेल, तर दुसरा पर्याय सोयीचा पडतो. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीवर पुढील आज्ञा पुरते :

```
sudo apt install pdfarranger
```

हे साधन आपल्या संगणकावरच चालते. फाइल कोणत्याही संकेतस्थळावर चढवावी लागत नाही. प्रकल्पाच्या फाइलमध्ये स्वाक्षरी असलेले प्रमाणपत्र किंवा ओळखपत्राची प्रत असते, हे ध्यानात घेतल्यास ही बाब लहान नाही.

फाइल उघडली की सर्व पानांची लहान चित्रे पडद्यावर ओळीने मांडलेली दिसतात. `Ctrl` कळ दाबून माउसचे चाक फिरवल्यास ही चित्रे लहानमोठी होतात. हस्तलिखित पानावरील पृष्ठांक वाचता येईल इतकी ती मोठी करून घ्यावीत. प्रत्येक चित्राखाली ते पान कोणत्या फाइलमधून आले आणि त्या मूळ फाइलमध्ये ते कितवे होते हे लिहिलेले असते. पान हलवले तरी ही नोंद त्याच्याबरोबरच राहते. तिला आपण पानाची मूळ नोंद म्हणू. सध्या ते पान कितव्या जागी आहे हे तिच्यावरून कळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. नवशिक्यांची गफलत बहुधा येथेच होते.

४.३ कामापूर्वीची मांडणी : एक उदाहरण

एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करून त्यावर प्रकल्प-अहवाल लिहिला आहे, असे समजू. अहवालात मुखपृष्ठ, मार्गदर्शकांच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि त्यानंतर पृष्ठांक घातलेली १२ हस्तलिखित पाने असायला हवीत; म्हणजे एकूण १५ पाने. तिने मोबाइलवर तयार केलेल्या `prakalp.pdf` या फाइलमध्येही १५ पानेच आहेत. संख्या जुळते, म्हणून फाइल बरोबर आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पानांची यादी कागदावर उतरवून पाहू. पृष्ठांक असलेल्या प्रत्येक पानापुढे स्थानांकातून पृष्ठांक वजा करून येणारा फरकही लिहू.

| स्थानांक | पानावर काय आहे | फरक |
|---|---|---|
| १ | मुखपृष्ठ | – |
| २ | अनुक्रमणिका | – |
| ३ | पृष्ठांक १ | २ |
| ४ | पृष्ठांक २ | २ |
| ५ | पृष्ठांक ३ | २ |
| ६ | पृष्ठांक ५ | १ |
| ७ | पृष्ठांक ४ | ३ |
| ८ | पृष्ठांक ६ | २ |
| ९ | पृष्ठांक ७ (हललेले, अस्पष्ट) | २ |
| १० | पृष्ठांक ७ (स्पष्ट) | ३ |
| ११ | पृष्ठांक ८ | ३ |
| १२ | पृष्ठांक ९ | ३ |
| १३ | पृष्ठांक १० | ३ |
| १४ | पृष्ठांक १२ | २ |
| १५ | कोरे पान | – |

आता केवळ फरकाचा रकाना वरून खाली वाचावा. सर्व काही ठीक असते तर तेथे आरंभापासून अखेरपर्यंत एकच संख्या आली असती. ती जेथे बदलते तेथे चूक आहे, आणि ती कशी बदलते यावरून चुकीचा प्रकार कळतो.

स्थानांक ६ वर फरक २ वरून १ वर उतरतो, लगेच ७ वर तो ३ होतो आणि ८ वर पुन्हा २ वर येतो. फरक घसरून, उसळून मूळ संख्येवर परतला, याचा अर्थ शेजारची दोन पाने अदलाबदल झाली आहेत.

स्थानांक १० वर फरक २ वरून ३ होतो आणि पुढे तसाच राहतो. फरक एकाने वाढून टिकून राहिला, तर त्या जागी एक पान जादा आले आहे. येथे पृष्ठांक ७ चे छायाचित्र दोनदा घेतले गेले आहे. फरक वाढला तो दुसऱ्या छायाचित्रापाशी. पण अस्पष्ट आहे ते पहिले. म्हणून वगळायचे ते स्थानांक ९ वरचे पान. आकडा चुकीची जागा दाखवतो. दोहोंपैकी कोणते पान ठेवावे हे डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते.

स्थानांक १४ वर फरक ३ वरून २ वर येतो. फरक एकाने कमी झाला, तर तेथे एक पान राहून गेले आहे. पृष्ठांक १० नंतर थेट १२ आले आहे. ११ गायब आहे.

पृष्ठांक नसलेल्या पानांना ही कसोटी लागू पडत नाही. ती पाने अपेक्षित यादीशी ताडून पाहावी लागतात. तसे पाहिल्यावर आणखी दोन गोष्टी दिसतात : मुखपृष्ठानंतर प्रमाणपत्र नाही आणि शेवटी एक कोरे पान आहे. दोन पाने जादा होती आणि दोन कमी होती, म्हणूनच बेरीज १५ झाली. एकूण पानांची संख्या जुळणे हा फाइल अचूक असल्याचा पुरावा नव्हे, हे या उदाहरणावरून लक्षात यावे.

आता हव्या असलेल्या फाइलचे चित्रही कागदावरच स्पष्ट करून घेऊ. पहिल्या तीन जागी मुखपृष्ठ, प्रमाणपत्र व अनुक्रमणिका. त्यानंतर स्थानांक ४ ते १५ वर पृष्ठांक १ ते १२. म्हणजे अंतिम फाइलमध्ये प्रत्येक हस्तलिखित पानाचा फरक ३ आला पाहिजे. ही संख्या तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल.

४.४ प्रत्यक्ष दुरुस्ती

राहिलेल्या पानांची छायाचित्रे घेऊन विद्यार्थिनीने दोन फाइली तयार केल्या आहेत : `paan11.pdf` मध्ये एक पान आहे; `pramanpatra.pdf` मध्ये दोन पाने आहेत. त्यांपैकी पहिले प्रमाणपत्र आहे आणि दुसऱ्यावर केवळ सूचना छापलेल्या आहेत. ते दुसरे पान नको आहे.

*आरंभ.* पीडीएफ अरेंजर सुरू करून `Ctrl+O` ने `prakalp.pdf` उघडावी. काहीही बदलण्यापूर्वी `Ctrl+Shift+S` या कळांनी ती `prakalp-antim.pdf` या नव्या नावाने जतन करावी आणि पुढे याच नव्या फाइलवर काम करावे. मूळ फाइल अबाधित राहिली, तर कोणतीही चूक भरून काढता येते.

*क्रम बदलणे.* पृष्ठांक ४ चे पान माउसने धरून पृष्ठांक ५ च्या आधी आणून सोडावे. ओढताना दोन चित्रांच्या मध्ये जागेची खूण दिसते. ती योग्य ठिकाणी आल्यावरच बोट उचलावे. पान भलतीकडे पडले तर `Ctrl+Z` ने ती कृती मागे घेता येते. फाइल मोठी असेल आणि पान लांब न्यायचे असेल, तर ओढण्यापेक्षा ते निवडून `Ctrl+X` ने कापावे, जेथे न्यायचे आहे त्याच्या आधीचे पान निवडावे आणि `Ctrl+V` ने चिकटवावे. चिकटवलेले पान निवडलेल्या पानानंतर येते.

*पाने वगळणे.* पृष्ठांक ७ चे अस्पष्ट पान निवडावे. `Ctrl` कळ दाबून धरून शेवटचे कोरे पानही निवडावे. दोन्ही पाने निवडली गेल्याची खात्री करून `Delete` कळ दाबावी. आता १३ पाने उरतील.

दोन्ही पाने एकाच वेळी का वगळावीत? आपण एकएक पान काढू लागलो, तर प्रत्येक वेळी पुढील सर्व पानांचे स्थानांक एकाने खाली येतात आणि कागदावरची यादी जुनी होते. समजा, तिने अस्पष्ट पान आधी काढले आणि मग यादीत पाहून ‘पृष्ठांक ११ हे स्थानांक १३ नंतर घालायचे’ असे ठरवले. यादीत स्थानांक १३ वर पृष्ठांक १० होता, हे खरे. पण एक पान काढल्यावर स्थानांक १३ वर आता पृष्ठांक १२ आलेला आहे. त्यानंतर ११ घातले, तर १०, १२, ११ असा क्रम होईल आणि फाइल पुन्हा चुकेल. म्हणून काम सुरू झाल्यावर पानांचा उल्लेख स्थानांकाने न करता पानावरील पृष्ठांकाने करावा. ‘तेराव्या पानानंतर’ असे न म्हणता ‘पृष्ठांक १० नंतर’ असे म्हणावे. पृष्ठांक हलत नाही, म्हणून तो विश्वासार्ह ठरतो.

*पाने घालणे.* `Ctrl+I` या कळांनी `paan11.pdf` निवडावी. नव्याने आणलेली पाने सामान्यतः अखेरीस दिसतात. ती कोठेही आली तरी चित्राखालील मूळ नोंदीत `paan11` हे नाव वाचून ओळखता येतात. हे पान ओढून पृष्ठांक १० व १२ यांच्या मध्ये ठेवावे. मग त्याच रीतीने `pramanpatra.pdf` आणावी. या क्षणी पानांची संख्या १६ झालेली असेल. सूचनांचे पान निवडून वगळावे आणि प्रमाणपत्राचे पान मुखपृष्ठानंतर, अनुक्रमणिकेच्या आधी न्यावे. संख्या १५ होईल.

दुसऱ्या फाइलमधील पान वगळताना काही विद्यार्थ्यांना भीती वाटते की, मूळ प्रमाणपत्राच्या फाइलमधूनही ते पान जाईल. तसे होत नाही. साधन मूळ फाइलमधील पानांचा केवळ उपयोग करते. त्या फाइलला ते हात लावत नाही. अखेरीस `Ctrl+S` ने फाइल जतन करावी.

४.५ तपासणी

जतन झालेली फाइल त्याच साधनात पाहून समाधान मानू नये. पीडीएफ अरेंजर बंद करून ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा नेहमीच्या वाचनप्रणालीत उघडावी. परीक्षकाला जे दिसणार आहे तेच आपण पाहिले पाहिजे. त्यानंतर तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

प्रथम फरकाची कसोटी पुन्हा लावावी. आपल्या उदाहरणात स्थानांक ४ वर पृष्ठांक १ हवा, स्थानांक ८ वर पृष्ठांक ५ हवा, स्थानांक १४ वर पृष्ठांक ११ हवा आणि स्थानांक १५ वर पृष्ठांक १२ हवा. मधल्या प्रत्येक पानालाही फरक ३ च आला पाहिजे. पंधरा पानांना या कामास दोन मिनिटे लागतात.

दुसरी तपासणी मजकुराची. प्रत्येक पानाची शेवटची ओळ वाचून पुढील पानाची पहिली ओळ वाचावी. वाक्य सलग जुळले पाहिजे. ही तपासणी अनावश्यक वाटेल. परंतु विद्यार्थ्याने लिहितानाच पृष्ठांक चुकवलेला असेल, उदाहरणार्थ दोन पानांवर ९ हाच आकडा घातला असेल, तर ती चूक आकड्यांच्या कसोटीत जादा पानासारखी दिसते. वाक्ये जुळवून पाहिली नाहीत, तर अशा वेळी आवश्यक पानच वगळले जाण्याचा धोका असतो.

तिसरी तपासणी पानांच्या आकाराची व दिशेची. वेगळ्या वेळी घेतलेल्या छायाचित्राचे पान इतरांपेक्षा लहान किंवा मोठे दिसू शकते. मजकूर वाचता येत असेल, तर पडद्यावर वाचण्यास त्याची अडचण होत नाही. पान आडवे किंवा उलटे आले असेल, तर मात्र साधनात परत जाऊन ते निवडावे आणि `Ctrl` कळ दाबून डावा किंवा उजवा बाण दाबावा. पान त्या दिशेला वळते. मग फाइल पुन्हा जतन करावी.

४.६ या साधनाच्या मर्यादा

पानांची पुनर्रचना म्हणजे पानांतील मजकुराचे संपादन नव्हे. पानावरील चुकलेला शब्द या साधनाने दुरुस्त करता येत नाही. तसेच अनुक्रमणिकेत आपण ‘ओव्यांतील माहेर – ६’ असे लिहिले असेल आणि पुनर्रचनेत ते प्रकरण वेगळ्या पृष्ठांकावर गेले असेल, तर अनुक्रमणिका आपोआप बदलत नाही. आपल्या उदाहरणात पृष्ठांक कायम राहिल्यामुळे ती बरोबर राहिली. परंतु मजकुराचे एखादे जादा पान मध्ये घालायचे झाल्यास पुढील पृष्ठांक आणि अनुक्रमणिका या दोहोंचा विचार करावा लागेल. हस्तलिखितात अशा पानाला ‘६ अ’ असा पृष्ठांक देण्याची जुनी पद्धत येथेही उपयुक्त आहे. अर्थात त्या पानापासून पुढे फरक एकाने वाढलेला दिसेल, आणि ते अपेक्षितच असेल.

टंकलिखित पीडीएफमध्ये कधी कधी बाजूच्या पट्टीत प्रकरणांची यादी असते व तिच्यावर टिचकी मारून थेट त्या पानावर जाता येते. पुनर्रचनेनंतर ही यादी किंवा पानांतर्गत दुवे टिकतीलच असे नाही. नव्या फाइलमध्ये ते तपासून घ्यावेत. जुन्या मराठी फाँटमधील फाइलमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवल्यास निरर्थक चिन्हे येतात. हा दोषही पुनर्रचनेने जात नाही. कारण पानाच्या आत काहीच बदललेले नसते.

शेवटची मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. एखाद्या पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी असेल, तर तिच्यातील पाने हलवू नयेत. डिजिटल स्वाक्षरी ही फाइल सही झाल्यानंतर बदललेली नाही याची हमी असते. एक पान जरी काढले किंवा घातले तरी ती हमी संपुष्टात येते. पेनाने केलेल्या सहीचे छायाचित्र आणि डिजिटल स्वाक्षरी या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पुनर्रचनेने बाधा येत नाही, दुसरीला येते. डिजिटल स्वाक्षरीचे गुणपत्रक किंवा दाखला मागितला असेल, तर ती फाइल आहे तशी स्वतंत्रच पाठवावी, प्रकल्पाच्या फाइलमध्ये मिसळू नये.

४.७ सारांश

पीडीएफमध्ये पानांचा क्रम एका यादीत असतो. म्हणून पाने हलवल्याने त्यांच्या प्रतीला धक्का लागत नाही. पानाचा स्थानांक बदलत राहतो, पृष्ठांक बदलत नाही. या दोहोंतील फरक सर्वत्र सारखा असेल, तर पृष्ठांकित पानांचा क्रम बरोबर असतो. तो वाढून टिकला तर पान जादा आहे, घटून टिकला तर पान राहिले आहे, आणि घटून, वाढून मूळ संख्येवर परतला तर शेजारची पाने अदलाबदल झाली आहेत. दुरुस्ती नेहमी नव्या नावाच्या प्रतीवर करावी, पानांचा उल्लेख पृष्ठांकाने करावा आणि तयार फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडून तपासावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. एका फाइलमध्ये स्थानांक ८ पर्यंत फरक १ आहे आणि स्थानांक ९ पासून तो ० आहे. कोणती चूक झाली आहे?

२. दुसऱ्या एका फाइलमध्ये स्थानांक ५ पर्यंत फरक २ आहे आणि स्थानांक ६ पासून अखेरपर्यंत तो ३ आहे. स्थानांक ६ वरचे पान लगेच वगळणे योग्य ठरेल काय?

३. फाइलमधील पानांची एकूण संख्या अपेक्षेइतकीच आहे. तरी ती तपासणे का आवश्यक आहे?

उत्तरे

१. स्थानांक ८ वर पृष्ठांक ७ आहे आणि स्थानांक ९ वर पृष्ठांक ९ आहे. म्हणजे पृष्ठांक ८ चे पान राहून गेले आहे. ते पृष्ठांक ७ नंतर घातले पाहिजे.

२. नाही. स्थानांक ५ व ६ या दोन्ही पानांवर पृष्ठांक ३ आहे, एवढेच फरकावरून कळते. ती एकाच पानाची दोन छायाचित्रे आहेत की दोन वेगळ्या पानांवर चुकून एकच पृष्ठांक पडला आहे, हे आधी वाचून ठरवावे. एकाच पानाची छायाचित्रे असतील, तर त्यांतील अस्पष्ट छायाचित्र वगळावे.

३. काही पाने जादा आणि तितकीच पाने कमी असतील, तरीही बेरीज जुळते. म्हणून प्रत्येक पानाचा फरक आणि लगतच्या पानांतील मजकुराची सलगता पाहावी लागते.

सरावासाठी स्वाध्याय

आपल्या मागील सत्रातील एखाद्या स्वाध्यायाची पीडीएफ फाइल घ्या. ४.३ मधील तक्त्याप्रमाणे तिची मांडणी कागदावर करा. त्यानंतर तिची एक प्रत करून तीत मुद्दाम दोन पानांची अदलाबदल करा, एक पान वगळा आणि एक पान दोनदा घाला. ही बिघडवलेली प्रत आपल्या अभ्यासगटातील सहाध्यायीला द्या. त्याने किंवा तिने केवळ फरकाच्या रकान्यावरून तिन्ही चुका शोधून दाखवाव्यात आणि आपण त्या मूळ फाइलशी ताडून पाहाव्यात.